निरोपाच्या भाषणात मी एका मार्च महिन्याची गोष्ट सांगितली

"येत्या ३१ तारखेला मी निवृत्त होतोय. बत्तीस वर्षं सेल्समध्ये, त्यातली शेवटची अकरा सेल्स मॅनेजर म्हणून. निरोप समारंभात मला पंधरा मिनिटं बोलायचंय. समोर बहुतेक पंचवीस-तिशीतली मुलं असतील. ग्राहक, सचोटी आणि नव्या मुलांनी काय शिकावं, यावर बोला असं सांगितलंय. पण लिहायला बसलो की 'ग्राहक हा देव असतो' याच्या पुढे गाडी जात नाही. ज्यांनी असं भाषण केलंय त्यांनी सांगावं, नेमकं काय बोलू?"

मी अडीच वर्षांपूर्वी निवृत्त झालो. सगळी नोकरी शेतीचे पंप विकण्यात गेली. सातारा, सांगली, सोलापूर हा माझा भाग. माझंही पहिलं टिपण तुमच्यासारखंच झालं होतं. दोन पानं लिहून बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, "हे कुणीही बोलेल. तुम्ही त्या डाळिंबवाल्या तात्यांचं का नाही सांगत?" ती पानं मी तिथेच बाजूला ठेवली.

माझं सांगणं एवढंच आहे की एकच प्रसंग घ्या. ज्यात चूक तुमची होती असा घ्या, आणि आकड्यांसकट सांगा. सचोटी म्हणजे काय हे त्या मुलांना घरून शिकवलेलं आहे. ती कोणत्या तारखेला, कोणाच्या फोननंतर, कोणत्या बिलावर हातातून निसटते, हे मात्र त्यांना आपल्यासारख्याकडूनच कळणार. मी काय सांगितलं ते इथे लिहितो. तुमचा धंदा वेगळा असेल, पण मार्च महिना सगळीकडे सारखाच येतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एरिया सांभाळत होतो. २९ मार्चला दुपारी वरिष्ठांचा फोन आला, वर्षाच्या टार्गेटला अठरा लाख कमी पडतायत, दोन दिवसांत काय करता बोला. माझ्याकडे सात-आठ डीलर होते ज्यांच्याशी घरोबा होता. त्यातला सोलापूर जिल्ह्यातला एक शेठ माझ्या शब्दावर कधी नाही म्हणत नसे. मी गाडी काढली आणि संध्याकाळी त्यांच्या दुकानात जाऊन बसलो.

त्यांची विक्री मला पाठ होती. फेब्रुवारी ते मे हा पंपांचा सीझन, विहिरी-बोअरचं पाणी खाली जातं, नवी बोअर मारली जातात, जुन्या मोटारी जळतात. तेव्हा त्यांचे महिन्याला वीस सबमर्सिबल जायचे. पाऊस लागला की महिन्याला चार-पाच. त्या दिवशी त्यांच्या गोडाऊनला पस्तीस पंप पडून होते, म्हणजे पावणेदोन महिन्यांचा माल आधीच भरलेला होता. मी त्यांच्यावर आणखी साठ पंपांचं बिल फाडलं. सरासरी भाव अठरा हजार, बिल झालं १०.८० लाखांचं. साठ दिवसांची उधारी, त्याचा पुढच्या तारखेचा चेक मी तिथल्या तिथे घेतला. शेठ म्हणाले, "साहेब, एवढा माल जाणार नाही हो." मी म्हणालो, "शेठ, सीझन आहे. आणि उरलाच, तर जूनमध्ये मी परत घेतो. माझा शब्द."

हे शेवटचं वाक्य मी भाषणात दोनदा म्हटलं. त्या वाक्यामागे काहीही नव्हतं. माल परत घेण्याचा अधिकार मला नव्हता. परतीची मंजुरी मुख्य कार्यालयातून यायची, आणि जूनमध्ये परती आली की नव्या वर्षाची पहिली तिमाही उणे दिसते, म्हणून ती मिळत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी शब्द दिला, कारण दोन दिवसांत मला अठरा लाख हवे होते.

त्या वर्षी मे महिन्यात वळीव दणकून झाला. एप्रिल-मे मिळून चाळीस पंप जायचे तिथे अठ्ठावीस गेले. पंच्याण्णवातले सदुसष्ट उरले. मे अखेरीस चेक लागला. शेठनी तो परत जाऊ दिला नाही, पतसंस्थेतून पंधरा टक्क्यांनी कर्ज काढलं आणि पास करून दिला. जूनमध्ये मी परतीचा अर्ज पाठवला आणि नकार आला. शेठना मी फोनवर सांगितलं, "दिवाळीपर्यंत थांबा, काहीतरी करतो." ते म्हणाले, "बरं साहेब." एवढंच.

आता इथे मी फळ्यावर हिशेब लिहिला, कारण मुलांपैकी बहुतेकांनी डीलरच्या बाजूने हिशेब कधी मांडलेला नसतो. एका पंपावर शेठना सुटायचे पंधराशे रुपये. अठरा हजारांवर पंधरा टक्के दराने महिन्याचं व्याज होतं दोनशे पंचवीस. सात महिने पंप पडून राहिला की व्याज १,५७५ रुपये, म्हणजे मार्जिन संपून वर पंच्याहत्तर रुपये खिशातून गेले. मे अखेरीस कर्ज काढलं, डिसेंबर संपेपर्यंत त्यातला जो पंप विकला गेला नाही तो शेठनी तोट्यात ठेवलेला होता. माझ्या कागदावर मात्र तो मार्चमध्येच विकला गेला होता. त्यावर मला इन्सेंटिव्हही मिळाला होता.

मुलं इथपर्यंत माना डोलावत होती. डीलरवर माल मारणं चांगलं नाही हे त्यांनी ऐकलेलं असतं. पण पुढची गोष्ट त्यांना नवी होती, म्हणून मी तिथे थांबून सावकाश बोललो.

आमच्या वॉरंटीची अट अशी होती की ग्राहकाने विकत घेतल्यापासून बारा महिने किंवा कारखान्यातून माल निघाल्यापासून अठरा महिने, यातलं जे आधी संपेल ते. अशी अट बऱ्याच कंपन्या घालतात आणि तिच्यात काही गैर नाही. माल दोन-तीन महिन्यांत फिरत असेल तर ग्राहकाला पूर्ण बारा महिने मिळतातच. पण गोडाऊनला पडलेल्या पंपाचं घड्याळ चालूच राहतं. शेठकडे त्या वर्षी नवा माल येत गेला तो पुढे लागला, माझ्या मार्चच्या बिलातला मागे राहिला. त्यातला एक पाच एचपीचा पंप पुढच्या वर्षी मे महिन्यात, म्हणजे चौदा महिन्यांनी, एका शेतकऱ्याने नेला. त्यांना आम्ही तात्या म्हणत असू. अडीच एकर डाळिंब, एक बोअर आणि एक शेततळं. तात्यांना वाटलं वर्षाची वॉरंटी आहे. खरं म्हणजे चारच महिने उरले होते.

त्यांनी हस्त बहार धरला होता. सप्टेंबर-ऑक्टोबरात बागेला पाणी सुरू केलं, आणि नोव्हेंबरात फळ सेट होत असताना मोटार बंद पडली. डाळिंबाला त्या दिवसांत पाणी नियमित लागतं. खंड पडला तर फुलं आणि बारीक फळं गळतात, आणि मग एकदम भरपूर पाणी दिलं की वाढलेली फळं तडकतात. तात्यांनी पंप घेऊन सहाच महिने झाले होते. ते कार्ड घेऊन शेठकडे आले. शेठनी मला फोन लावला. मी विचारलं, "डिस्पॅच कधीचा आहे?" त्यांनी मोटारीच्या प्लेटवरचा नंबर वाचला. मी नोंद बघितली आणि म्हणालो, "सप्टेंबरमध्येच संपली हो वॉरंटी." शेठ थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, हा तुमच्या त्या साठातला आहे."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. मोटार रिवाइंडिंगवाल्याच्या बाकावर उघडून ठेवली होती. आमचा सर्व्हिस इंजिनिअर सोबत होता. ती पाणी भरलेली मोटार होती, म्हणजे आत वाइंडिंगभोवती स्वच्छ पाणी असतं, आणि बाहेरची रेती आत जाऊ नये म्हणून शाफ्टला रबरी सील. त्याने ते सील बोटांत धरून वाकवलं, तर ते वळण्याऐवजी चिरलं. पत्र्याच्या शेडमध्ये दोन उन्हाळे काढलेलं रबर होतं ते. तिथून बोअरची रेती आत शिरली होती, बुश झिजले होते आणि रोटर स्टेटरला घासून वाइंडिंग जळलं होतं. जास्त दिवस पडून राहिलेली मोटार बोअरमध्ये सोडण्याआधी शाफ्ट हाताने फिरवून बघायचा, आतलं पाणी काढून नवं भरायचं, सील बघायचं, हे आमच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं. पण पंप चौदा महिने पडून आहे हे फिटरला कोण सांगणार? दुकानातून बाहेर पडला म्हणजे त्याच्या लेखी तो नवाच.

तात्या बाकाच्या पलीकडे उभे होते. ते माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब, नवा म्हणून घेतला मी. जुना होता का?"

मुलांना मी सांगितलं की या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला मला जो वेळ लागला, तो माझ्या नोकरीतला सगळ्यात जड वेळ होता. मी म्हणालो, "होय, पडून राहिलेला होता. आणि तो पडून राहिला कारण मी शेठच्या गळ्यात मारला." शेठ तिथेच होते. त्यांच्या समोर बोललो.

मग जे केलं तेही सांगतो, कारण चूक सांगून थांबलं की भाषण नुसतं रडगाणं होतं. त्याच दिवशी दुसऱ्या डीलरकडचा पंधरा दिवसांपूर्वी आलेला पंप तात्यांच्या बोअरमध्ये सोडला. वरती लेखी कळवलं की मार्चचं बिल मी गरजेपेक्षा जास्त केलं होतं, परतीचा शब्द मी दिला होता आणि बदलीचा पंप मी दिला आहे, त्याचं काय करायचं ते सांगा. दोन महिने पत्रव्यवहार चालला. पंप कंपनीने सोसला. शेठकडे त्या लॉटचे तेव्हा अकरा पंप उरले होते, ते सर्व्हिसवाल्यांनी उघडून सील बदलून, तपासून, नव्या तारखेचं कार्ड लावून दिले. व्याजाचं नुकसान मात्र कोणी भरून दिलं नाही. ते शेठनीच सोसलं. मला त्या वर्षी पगारवाढ मिळाली नाही. तात्यांचा पाण्याचा खंड नऊ दिवसांचा झाला. त्यांची किती फळं गळली हे मी कधी मोजलं नाही, पण बाग मी बघितली होती.

त्यानंतर मी कामाची पद्धत बदलली, आणि भाषणातला सगळ्यात उपयोगी भाग मुलांच्या मते हाच होता. दर महिन्याच्या २५ तारखेच्या आत प्रत्येक डीलरच्या गोडाऊनला स्वतः जाऊन स्टॉक मोजायचा, मॉडेलनुसार आणि प्लेटवरच्या महिन्यानुसार. मोजलेल्या स्टॉकला त्याच्या महिन्याच्या खऱ्या विक्रीने भागायचं. खरी विक्री म्हणजे आपण त्याला केलेलं बिल धरायचं नाही, दुकानातून शेतकऱ्याकडे गेलेला माल धरायचा. सीझनमध्ये दोन महिन्यांपेक्षा आणि एरवी दीड महिन्यापेक्षा जास्त माल दिसला की त्या डीलरला बिल बंद. सहा महिन्यांपूर्वीची प्लेट असलेला पंप दिसला की तो उचलून पुढे लावायचा, आणि हे काम नोकरावर न सोडता मी स्वतः करत असे. हात काळे व्हायचे, पण प्लेट वाचण्यासाठी पंप हलवावाच लागतो.

कागदावरही हा रोग ओळखता येतो, हे मी त्यांना दाखवलं. एखाद्या एरियाची महिन्यातली निम्म्याहून जास्त बिलं शेवटच्या पाच दिवसांत असतील तर तिथे माल मारला जातोय. मार्च भरगच्च आणि एप्रिल रिकामा असेल तर नक्कीच. डीलरची उधारी साठ दिवसांच्या पुढे सरकत चालली पण तो फोन उचलतोय, नीट बोलतोय, तर तो लबाड नसतो. त्याच्याकडे माल पडलेला असतो. उलट ज्याचा माल फिरतोय आणि पैसे येत नाहीत, त्याची वेगळी चौकशी करावी. वसुलीला जाणारी बरीच मुलं या दोघांना एकाच तोंडाने बोलतात, आणि चांगला डीलर तिथे तुटतो.

आता जीएसटीमुळे आणखी एक गोष्ट झाली आहे, तीही सांगितली. डीलरने बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर त्याने घेतलेलं इनपुट क्रेडिट त्याला व्याजासह उलटवावं लागतं. पैसे दिल्यावर ते परत मिळतं, पण तोवर रोकड अडकते. म्हणजे "राहू द्या शेठ, पैसे सावकाश द्या" असं म्हणून मारलेला माल आज त्याला पूर्वीपेक्षा महाग पडतो. लांबची उधारी ही मेहेरबानी नसते, हे मुलांनी डोक्यात ठेवावं म्हणून मी यावर दोन मिनिटं घालवली.

यानंतर एका मुलाने मध्येच हात वर केला. मी आधीच सांगून ठेवलं होतं की मध्ये विचारलं तरी चालेल, आणि तुम्हीही तसं सांगा, भाषण जिवंत राहतं. त्याने विचारलं, "सर, पण २९ मार्चला साहेबांचा फोन येतोच. तेव्हा काय बोलायचं?" प्रश्न खराच आहे. वरचे लोक समोरच बसले होते, तरी मी उत्तर दिलं. २९ तारखेला नाही म्हणणाऱ्याचं कोणी ऐकत नाही, कारण तेव्हा वरच्याच्या हातातही काही उरलेलं नसतं. हे बोलणं १० तारखेला व्हायला पाहिजे. प्रत्येक डीलरचा मोजलेला स्टॉक, त्याची विक्री, किती दिवसांचा माल पडलाय आणि म्हणून महिनाअखेर किती बिल खरं होईल, हा एक पानाचा तक्ता १० तारखेला पाठवायचा. आकडा कमी असेल तर तो तेव्हाच कमी दिसू दे. मी हे सुरू केलं त्या पहिल्या मार्चला माझं टार्गेट चौदा टक्क्यांनी चुकलं. बढती दुसऱ्याला गेली. हे लपवू नका. खरं वागल्याने त्या वर्षी नुकसान झालं हे सांगितल्याशिवाय मुलं बाकीचं खरं मानत नाहीत.

आणि दोन वर्षांनी काय झालं तेही सांगा, जे असेल ते. त्या शेठकडे वर्षाला एकशेवीस पंप जायचे ते एकशेपासष्टपर्यंत गेले. कारण साधं होतं. पैसा साठ पंपांत अडकला नव्हता, म्हणून ते सगळ्या मॉडेलचे थोडे थोडे पंप ठेवू शकत होते, आणि मोटार जळलेला शेतकरी रात्री आठला आला तरी त्याला हवं ते मॉडेल मिळत होतं. सगळीकडे असंच झालं असं मी म्हणणार नाही. दोन डीलर मला सोडून गेले, कारण त्यांना मार्चच्या स्कीमवर जास्त माल हवाच होता आणि मी तो दिला नाही.

ग्राहकाबद्दल बोला म्हणून तुम्हाला सांगितलंय, त्यासाठी माझ्याकडे दुसरा एक छोटा प्रसंग होता. तात्यांच्याच शेजारच्या बोअरचा. तिथला मुलगा दुकानात आला तो साडेसात एचपीच मागत आला, कारण चुलत्याकडे साडेसात होता. बोअर मारणाऱ्याने त्याला "तीन इंच पाणी लागलंय" असं सांगितलेलं. साडेसात विकला असता तर बिल मोठं झालं असतं आणि गिऱ्हाईक खूश होऊन गेलं असतं. पण आम्ही शेठकडचा चाचणीचा पंप भाड्याने सोडला आणि दोनशे लिटरचा बॅरल घेऊन बसलो. पहिला बॅरल साठ सेकंदांत भरला. मुलगा म्हणाला, बघा, पाणी आहे. आम्ही पंप चालूच ठेवला. तासाने बॅरलला ऐंशी सेकंद लागले, अडीच तासांनी शंभर, आणि मग तिथेच स्थिर राहिलं. दोनशे लिटर शंभर सेकंदांत, म्हणजे सेकंदाला दोन लिटर. त्या बोअरची खरी ताकद तेवढी होती. आधीचं पाणी बोअरमध्ये साठलेलं होतं, ते उपसून झाल्यावर झऱ्याचं खरं पाणी कळलं.

मग हेड काढला, म्हणजे पंपाला पाणी एकूण किती उंच ढकलावं लागेल ते. पंप चालताना पाण्याची पातळी एकशेऐंशी फूट, वर शेततळ्यापर्यंत साठ फूट चढ, पाइपमधल्या घर्षणाचे वीस-बावीस. एकूण साधारण दोनशे साठ फूट, म्हणजे ऐंशी मीटर. दोन लिटर गुणिले ऐंशी मीटर, भागिले पंच्याहत्तर, उत्तर येतं २.१३ एचपी. एवढी ताकद पाण्याला लागते. पंपाची कार्यक्षमता पंचावन्न टक्के धरली तर मोटारीकडून ३.९ एचपी हवेत. पाच एचपी पुरून उरतो. साडेसातने सेकंदाला तीन-साडेतीन लिटर ओढले असते, बोअर देणार दोन, पातळी पंपाखाली गेली असती आणि पंप कोरडा चालून उन्हाळ्यातच बसला असता. मुलाने हिशेब दोनदा करून घेतला आणि पाच एचपी नेला. बिल मोठं करता आलं असतं, ते केलं नाही. भाषणात मी या प्रसंगाला तीन मिनिटं दिली आणि त्यावर काही भाष्य केलं नाही. सूत्र मात्र मुलांनी लिहून घेतलं.

आता काही गोष्टी ज्या मी टाळल्या. ज्या वरिष्ठांनी तो फोन केला होता त्यांचं नाव घेतलं नाही, ते कोण हे कळेल असंही काही बोललो नाही. बिल मी फाडलं होतं. शेठना आठ दिवस आधी फोन करून विचारलं, तुमची गोष्ट सांगू का, नाव घेणार नाही. ते म्हणाले, सांगा, पण आकडे बरोबर सांगा. आभाराची यादी मी बोललो नाही, ज्यांचे आभार मानायचे त्यांना आधीच्या आठवड्यात एकेकाला भेटून आलो. भाषणात नावं घ्यायला लागलं की राहिलेल्याचं तोंड उतरतं, आणि पंधरातली सहा मिनिटं जातात. कागद वाचून बोललो नाही. आकडे तेवढे एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिले होते. घरी घड्याळ लावून दोनदा बोलून बघितलं, पहिल्यांदा तेवीस मिनिटं झाली, मग सुरुवातीच्या नोकरीच्या आठवणी सगळ्या काढून टाकल्या.

एक काम मात्र भाषणाच्या आधीच करा, आणि ते आजच सुरू करा, कारण त्याला दोन-तीन आठवडे लागतात. आपल्यासारख्या माणसाने इतक्या वर्षांत डीलरांना दिलेले तोंडी शब्द कुठेही लिहिलेले नसतात. स्कीमचा फरक देतो म्हणालो, ट्रान्सपोर्टमध्ये फुटलेल्या पॅनलची क्रेडिट नोट देतो म्हणालो, भाव उतरला त्या दिवशीच्या स्टॉकचा रेट डिफरन्स देतो म्हणालो. आपण गेलो की नवा माणूस प्रामाणिकपणे म्हणतो, माझ्याकडे तशी नोंद नाही. आणि डीलर गप्प बसतो. मी शेवटच्या महिन्यात सगळ्या डीलरांना एकच प्रश्न विचारत फिरलो, "माझ्याकडून काय यायचं राहिलंय?" काहींनी नाही म्हटलं, काहींनी जुन्या डायऱ्या काढल्या. एकूण सतरा बाबी निघाल्या. त्यातल्या चार मला अजिबात आठवत नव्हत्या, पण तारखा जुळत होत्या, म्हणून त्याही धरल्या.

प्रत्येकीला बिल नंबर, तारीख, रक्कम आणि मी काय बोललो होतो हे लिहून ईमेलने वर पाठवलं, नव्या मॅनेजरला प्रत लावली. चौदांच्या क्रेडिट नोटा मी असताना निघाल्या. दोन नाकारल्या गेल्या, त्या डीलरांना मी स्वतः जाऊन नकार सांगितला. सतरावी त्या शेठची होती, दोन पॅनलच्या फुटीची, चार हजार दोनशे रुपयांची. ती समारंभाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पास झाली. मी शेठना फोन केला. ते म्हणाले, "साहेब, ते तर मी सोडून दिलं होतं."